दोन जेके फ्लिपफ्लॉपचं सर्किट : चौथा गोल काढायचा की नाही?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीला रोज एसटीनं येऊन-जाऊन करतो. डिजिटलच्या सबमिशनला एक सर्किट दिलंय, त्याचं विश्लेषण करायचंय. म्हणजे फ्लिपफ्लॉपची समीकरणं, मग स्टेट टेबल, मग स्टेट डायग्रॅम. दोन जेके फ्लिपफ्लॉप आहेत, A आणि B. दोघांना एकच क्लॉक. बाहेरून एक इनपुट x, आउटपुट y. आकृतीवरून वाचलेली जोडणी अशी:

```
J_A = B·x      K_A = B'·x
J_B = A'·x     K_B = A'·x
y   = A·x
```

चार अँड गेट लागतात, म्हणजे एक 74LS08 पूर्ण वापरला जातो. B' आणि A' फ्लिपफ्लॉपच्या उलट्या पायांवरून घेतलेत.

माझ्या डायग्रॅममध्ये 00 वरून 01, मग 10, मग परत 00 असा फेरा येतो. आणि 11 बाजूला एकटाच पडलाय, त्याच्याकडं कुठूनच बाण येत नाही. मित्र म्हणतो, जिथं कधी जाताच येत नाही ती स्टेट काढायचीच कशाला, खोडून टाक. त्याच्या वहीत तीनच गोल आहेत.

पण खरा प्रश्न पुढं आहे. हेच सर्किट आम्ही ब्रेडबोर्डवर लावलं. ५५५ वर साधारण सेकंदाला एक क्लॉक. A, B, y तिन्हींना एलईडी. कधी सप्लाय चालू केला की झक्कास चालतं. आणि कधी चालू करताक्षणी तिन्ही दिवे लागतात नि तसेच राहतात. क्लॉकचा दिवा लुकलुकतोय, पण हे हलतच नाही. बंद करून परत चालू केलं की कधी सुटतं, कधी नाही. वायर ढिली असणार असं सांगितलं म्हणून सगळ्या वायरी बदलल्या, फरक नाही. टेबल चुकलंय का वायरिंग?

भडंगप्रेमी

ब्रेडबोर्ड आहे म्हणल्यावर वायर ढिली असणारच. 😀 पण खोडू नको रे तो गोल, ताई येईपर्यंत थांब.

कंदीपेढा

सोपं आहे. आधी स्टेट डायग्रॅम मांड, मग एक्सायटेशन टेबल, मग प्रत्येक J आणि K साठी के-मॅप. 11 ला डोण्ट केअर धर, म्हणजे समीकरणं लहान येतील. आम्ही साताऱ्याला असंच शिकलो. आणि y गोलाच्या आतच लिहायचा, वरच्या अर्ध्यात स्टेट नि खालच्या अर्ध्यात आउटपुट.

येरळाकाठ

दादा, पण सर्किट दिलेलंच आहे. डायग्रॅम काढायचाय, आधी कुठून आणू?

माहुलीकर_ताई

कंदीपेढा, तुम्ही सांगताय तो डिझाइनचा रस्ता. तो डायग्रॅमपासून सर्किटकडे जातो. या मुलाला सर्किटपासून डायग्रॅमकडे यायचंय. उलट दिशेनं चालताना एक्सायटेशन टेबलही नको आणि डोण्ट केअर तर मुळीच नको. सर्किट जोडून झालं की त्याला प्रत्येक स्थितीची पर्वा असते. डिझाइन करणाऱ्यानं 11 च्या घरात X लिहिला असेल, पण सुलभीकरण करताना त्या X चं 0 किंवा 1 होऊन गेलेलं असतं. नेमकं काय झालं ते शोधणं म्हणजेच विश्लेषण.

येरळाकाठ, तुझी समीकरणं तू गेटवरून पायावर बोट ठेवत वाचली आहेस असं धरते. आता मधली एक पायरी सांभाळ. J आणि K ची किंमत म्हणजे पुढची स्टेट नव्हे. ते फक्त फ्लिपफ्लॉपला दिलेलं सांगणं आहे. त्यातून पुढची स्टेट काढायला जेकेचं स्वतःचं समीकरण लावावं लागतं, Q+ = J·Q' + K'·Q. ते A ला लाव, मग B ला लाव, आणि आठही ओळींचं टेबल इथं टाक. आठही. मित्राच्या सहा नकोत.

विश्रामबाग_बॉय

ताई, एवढं कशाला? J_A = B·x आहे म्हणजे x शून्य असला की A शून्य होणार. J_B पण A'·x, म्हणजे x शून्य केला की B पण शून्य. म्हणजे x हा रीसेटच झाला की. 11 वर अडकलं तर x चा स्विच खाली कर, एक क्लॉक जाऊ दे, 00 येईल. वायरिंगच चुकलंय तुझं.

येरळाकाठ

x खाली करून बघितलाय दादा. y चा दिवा जातो, A आणि B चे तसेच राहतात. परत x वर केला की परत तिन्ही.

टेबल टाकतोय ताई.

```
A B x | J_A K_A J_B K_B | A+ B+ | y
0 0 0 |  0   0   0   0  |  0  0 | 0
0 0 1 |  0   1   1   1  |  0  1 | 0
0 1 0 |  0   0   0   0  |  0  1 | 0
0 1 1 |  1   0   1   1  |  1  0 | 0
1 0 0 |  0   0   0   0  |  1  0 | 0
1 0 1 |  0   1   0   0  |  0  0 | 1
1 1 0 |  0   0   0   0  |  1  1 | 0
1 1 1 |  1   0   0   0  |  1  1 | 1
```

माहुलीकर_ताई

टेबल बरोबर आहे. आणि तुझी वायरिंगही बरोबर आहे, कारण तुझं ब्रेडबोर्ड या टेबलातल्या शेवटच्या दोन ओळी अक्षरशः वाचून दाखवतंय.

शेवटून दुसरी ओळ बघ. 11 वर x शून्य असताना चारही J-K शून्य आहेत. जेकेला दोन्हीकडे शून्य दिलं की तो आहे तिथंच राहतो. y = A·x, म्हणून y चा दिवा तेवढा जातो. तू पाहिलंस तेच. आता शेवटची ओळ. x एक असताना J_A एक, K_A शून्य, म्हणजे A ला सांगितलंय "एक हो", आणि तो आधीच एक आहे. B ला J_B, K_B दोन्ही शून्य, कारण A' शून्य आहे. म्हणजे B जागचा हलत नाही. A ला B एकवर धरून ठेवतो आणि B ला A गोठवून ठेवतो. एकमेकांनी धरून ठेवलंय म्हटल्यावर क्लॉक कितीही आला तरी सुटका नाही.

डायग्रॅममध्ये याचं चित्र असं: 11 च्या गोलावरून x=0 चा बाण स्वतःकडेच, x=1 चा बाणही स्वतःकडेच. बाहेर जाणारा एकही बाण नाही. तीन गोलांच्या आकृतीत हे दिसणारच नाही, म्हणून चौथा गोल काढ.

विश्रामबाग_बॉय, तुमचं म्हणणं डी फ्लिपफ्लॉप असता तर बरोबर होतं. डी ला जे द्याल तीच पुढची स्टेट. जेकेमध्ये x शून्य केला की J सोबत K ही शून्य होतो, आणि मग तो रीसेट होत नाही, थांबतो. दोन्ही समीकरणं जेकेच्या समीकरणात घालून आवरली की

```
A+ = x·B + x'·A
B+ = (A'·x) ⊕ B
```

असं येतं. पहिलं समीकरण वाचायलाही सोपं आहे: x एक असेल तर A नं B ची किंमत घ्यायची, नसेल तर स्वतःची ठेवायची. दुसरं सांगतं की A शून्य आणि x एक असतानाच B उलटतो.

विश्रामबाग_बॉय

हां, x'·A राहिला माझा. पटलं. पण मग तो 11 वर पोचला कसा ते सांगा. टेबलात 00, 01, 10 पैकी कुणीच 11 कडं जात नाही. आकाशातून पडला काय?

पॅनेलवाला_तासगाव

मी सांगतो. मी मशिनचे पॅनेल दुरुस्त करतो, हळदीच्या गोदामात, पापडाच्या कारखान्यात, जिथं बोलावतील तिथं. एका गोदामात पोती मोजायचा जुना काउंटर होता, असाच आयशींचा. लाइट गेली नि आली की कधी कधी काउंटर मरायचा. आकडा एका जागी, पोती जातायत पुढनं. मालक म्हणायचा सेन्सर गेला. सेन्सर दोनदा बदलून झाला होता. मी स्कोप लावला तर सेन्सरचा पल्स बरोबर येत होता, क्लॉक बरोबर, पण फ्लिपफ्लॉप एका ठराविक जोडीवर बसलेले.

कारण एवढंच की सप्लाय येताना फ्लिपफ्लॉप कुठल्या बाजूला पडंल ते कुणी सांगू शकत नाही. क्लिअरच्या पायाला त्यांनी नुसता रेझिस्टर लावून वर बांधलेला. मी तिथं कपॅसिटर लावला जमिनीकडं, म्हणजे सप्लाय आल्यावर थोडा वेळ क्लिअर खाली राहतो, सगळे शून्यावर येतात, मग तो वर जातो. त्यानंतर तक्रार नाही आली.

पोरा, तुझ्या 7476 ला पण क्लिअर आहे. तो काय केलायस?

येरळाकाठ

प्रीसेट आणि क्लिअर दोन्ही मोकळे सोडलेत काका. टीटीएलला मोकळा पाय म्हणजे एक असतो असं सांगितलं होतं. 74LS76 आहे.

पॅनेलवाला_तासगाव

मोकळा सोडू नको. एक म्हणून वाचतो हे खरं, पण बाजूनं जाड वायर गेली, मोटर सुरू झाली, की तो पाय हेलकावे खातो. एक-एक किलोओहमनं पाच व्होल्टला बांध. आणि क्लिअरचं वर सांगितलंय तसं कर. 7476 ला सप्लाय पाच नंबर पायाला नि ग्राउंड तेराला, ते विसरू नको, बाकीच्या आयशींसारखा कोपऱ्यात नाही.

भडंगप्रेमी

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर लावा.

अजिंक्यतारा

धागा आत्ता बघितला. मूळचा साताऱ्याचा, सध्या पुण्यात चिप डिझाइनच्या कामात आहे.

सप्लाय आल्यावर 11 येऊ शकतो हे नक्की. पण चालू सर्किटही 11 वर जाऊ शकतं, आणि स्टेट टेबल ते कधीच सांगणार नाही, कारण टेबल धरून चालतं की क्लॉकच्या क्षणी x ची एकच किंमत आहे आणि ती दोन्ही फ्लिपफ्लॉपना सारखीच दिसते. तुझा x हाताच्या स्विचवर आहे. त्याला क्लॉकशी काही देणंघेणं नाही.

समज स्टेट 01 आहे आणि नेमका क्लॉकच्या कडेला x शून्यावरून एकावर जातोय. x तीन गेटांतून दोन फ्लिपफ्लॉपकडे जातो आणि प्रत्येक गेटचा वेळ किंचित वेगळा. समज A च्या J ला x=1 पोचला, B च्या J-K ला अजून जुना x=0 आहे. टेबलाची चौथी ओळ A साठी वापरली गेली आणि तिसरी B साठी. A एक झाला. B जागेवर राहिला, म्हणजे एकच. झालं 11. तिथून पुढं ताई म्हणतात तसं, सुटका नाही.

उपाय: x आधी एका डी फ्लिपफ्लॉपमधून न्यायचा, त्याच क्लॉकवर. मग x कडेच्या लगेच नंतरच बदलेल आणि पुढच्या कडेपर्यंत स्थिर राहील.

माहुलीकर_ताई

अजिंक्यतारा, तुमचा मार्ग बरोबर आहे, पण या मुलाच्या बाबतीत कारण ते नसावं. LS मालिकेच्या एका गेटचा उशीर साधारण दहा नॅनोसेकंद. तुम्ही सांगताय ती फट फार तर काही दहा नॅनोसेकंदांची. क्लॉक सेकंदाला एक. हातानं स्विच मारणाऱ्या माणसाला ती फट सापडणं फार दुर्मीळ. शिवाय तो म्हणतो, चालू करताक्षणी तिन्ही दिवे लागतात. हे सप्लायचंच लक्षण आहे.

अजिंक्यतारा

एका सेकंदाला एक क्लॉक असताना दुर्मीळ, मान्य. पण हाताचा स्विच एकदाच बदलत नाही ताई, काही मिलिसेकंद थरथरतो, त्यात बरेचदा वर-खाली होतो. प्रत्येक वर-खाली म्हणजे एक संधी. आणि हेच सर्किट उद्या एक मेगाहर्ट्झवर लावलं तर दुर्मीळ राहणार नाही. मी म्हणतो, दोन्ही कारणं वहीत लिहावीत.

येरळाकाठ, एक विचारतो. कधी असं झालंय का की सर्किट नीट फिरत होतं आणि मध्येच अडकलं?

येरळाकाठ

एकदा झालंय असं मित्र म्हणतो. मी पाहिलं नाही. त्या वेळी त्याचा हात बोर्डवर होता.

भडंगप्रेमी

मग कारण क्रमांक तीन: मित्राचा हात.

कंदीपेढा

डिझाइनचं माझं चुकीच्या धाग्यावर गेलं, ठीक. पण y गोलात लिहायचा यावर ताई बोलल्याच नाहीत.

माहुलीकर_ताई

राहिलं खरं. y गोलात तेव्हाच लिहिता येतो जेव्हा तो फक्त स्टेटवर अवलंबून असतो. इथं y = A·x आहे. 10 या गोलाला कुठला y लिहाल? x शून्य असताना तिथं y शून्य आहे, x एक असताना एक. एका गोलात दोन उत्तरं मावत नाहीत, म्हणून ते बाणावर जातं: 10 कडून 00 कडे जाणाऱ्या बाणावर 1/1, आणि 10 च्या स्वतःकडे फिरणाऱ्या बाणावर 0/0. आधी x, मग तिरकी रेघ, मग y. या बाणावरचा y हा क्लॉक यायच्या *आधीचा* असतो, बाण सुटतो त्या गोलातला. बरीच मुलं तो पोचल्यानंतरचा समजतात आणि y चा दिवा एक क्लॉक उशिरा लागेल असं लिहितात. बोर्डवर बघा, A चा दिवा लागलेला असताना x वर केला की y लगेच लागतो, क्लॉकची वाट बघत नाही.

कंदीपेढा

हे आवडलं. आमच्या वेळी y = A होता बहुतेक, त्यामुळं गोलात चालून गेलं.

विश्रामबाग_बॉय

मग आता हे सर्किट सुधारायचं कसं? क्लिअरला कपॅसिटर लावला की झालं ना?

पॅनेलवाला_तासगाव

माझ्या धंद्यात झालं. काम चालू झालं पाहिजे.

अजिंक्यतारा

झालं नाही. क्लिअर फक्त चालू होताना मदत करतो. मध्येच कुठल्या गोंगाटानं 11 वर गेलं तर परत कुणीतरी बंद-चालू करावं लागणार. सर्किटनंच स्वतःला बाहेर काढायला हवं. म्हणजे 11 वरून x=1 चा बाण बाहेर न्यायचा.

K_B बदलू. A'·x ऐवजी नुसता x. मग 11 वर B ला J शून्य, K एक, B शून्य होईल. 11 वरून 10, तिथून 00. सुटलं.

माहुलीकर_ताई

सुटेल, पण y बघा. 11 वर x एक असताना y एक, आणि पुढं 10 वरही y एक. म्हणजे एका फेऱ्यात एकदा यायचा y दोन क्लॉक सलग राहील. दुसरा रस्ता सुचवते. K_B तसाच ठेवा आणि K_A बदला: B'·x ऐवजी नुसता x.

बाकीच्या ओळी बिघडतात का ते तपासू. K_A ला अर्थ फक्त A एक असतानाच आहे, कारण A शून्य असेल तर K काहीही असो, फरक J नं पडतो. A एक असलेल्या, x=1 च्या ओळी दोनच. 10 वर B' एक आहे, म्हणजे K_A आधीही एक होता, आताही एक. काही बदललं नाही. 11 वर पूर्वी K_A शून्य होता, आता एक. J_A ही एक. दोन्ही एक म्हणजे A उलटतो, एकाचा शून्य. B जागेवर. 11 वरून 01. तिथून नेहमीचा फेरा.

```
K_A = x   असताना
A B x | J_A K_A J_B K_B | A+ B+ | y
1 1 0 |  0   0   0   0  |  1  1 | 0
1 1 1 |  1   1   0   0  |  0  1 | 1
```

आणि एक अँड गेट उरतो. बहुधा मूळ डिझाइन करणाऱ्यानं "A नं B ची किंमत घ्यायची" म्हणून J ला B आणि K ला B' सरळ लावले असावेत. तसं केलं की चुकत काही नाही, पण 11 चं घर नकळत "तिथंच राहा" असं भरलं जातं.

अजिंक्यतारा

बरोबर, माझ्यापेक्षा हे चांगलं. तरी 11 वर असताना एक खोटा y येतोच. तो नको असेल तर उरलेला गेट तिथं वापरायचा आणि y = A·B'·x करायचा.

माहुलीकर_ताई

तो लागणार असेल तर लावा. x=0 वर 11 तसंच राहतं हेही लक्षात असू दे, x वर येईपर्यंत बाहेर पडत नाही. मोजणीच्या सर्किटला ते चालेल, दुसऱ्या कशाला चालेलच असं नाही.

येरळाकाठ

मंडळी, आज करून बघितलं. 11 मुद्दाम आणायचं कसं ते सुचत नव्हतं, सप्लाय बंद-चालू करत बसलो तर कधी येतं, कधी नाही. मग पॅनेलवाला काकांनी प्रीसेटचा विषय काढला होता ते आठवलं. दोन्ही प्रीसेट किलोओहमनं वर बांधले, आणि एका वायरनं दोन्ही क्षणभर ग्राउंडला लावून सोडले. लगेच A आणि B एक.

जुन्या जोडणीत x=1 ठेवून बराच वेळ क्लॉक देत राहिलो, तिन्ही दिवे तसेच. K_A ची वायर काढून सरळ x ला लावली, परत प्रीसेट मारला. पुढच्याच क्लॉकला A गेला, B राहिला. मग 10, मग 00. टेबलाप्रमाणंच.

तसंच प्रत्येक स्टेट प्रीसेट-क्लिअरनं आणून, x दोन्ही ठेवून, आठही ओळी बोर्डवर तपासल्या. जुळल्या. मित्रानं पण चौथा गोल काढला आता.

दोन शंका राहिल्यात. एक, परीक्षेत 11 काढला आणि उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात तीनच गोल असले तर गुण जातील का? दोन, अजिंक्यतारा दादांचा डी फ्लिपफ्लॉप लावला तर माझ्याकडं तीन फ्लिपफ्लॉप होतात. मग आठ गोल काढायचे?

विश्रामबाग_बॉय

गुण जाऊ शकतात. मी तर मुख्य फेरा ठळक काढीन आणि 11 बाजूला तुटक रेघेनं.

माहुलीकर_ताई

तुटक कशाला? सर्किटात तो बाकी तिघांइतकाच खरा आहे. मी पेपर तपासले तेव्हा चार गोल असलेल्याला कधी गुण कापले नाहीत, तीन असलेल्याचे कापले. बाकीचे काय करतात ते मी कसं सांगू?

अजिंक्यतारा

डी फ्लिपफ्लॉपबद्दल: त्याला C म्हण. C+ = x, आणि आतल्या सगळ्या समीकरणांत x च्या जागी C. मी तो बाहेरचा मानतो, म्हणजे चारच गोल ठेवायचे आणि बाणांवर x ऐवजी C लिहायचं. फक्त मोजणी एक क्लॉक उशिरा सुरू होईल, ते बाजूला लिही.

माहुलीकर_ताई

सबमिशनमध्ये बाहेरचा धरू नको. तो जर तुझ्या आकृतीत काढला असेल तर तो तुझ्या सर्किटाचा भाग आहे, आणि मग टेबल सोळा ओळींचं आणि गोल आठ. y सुद्धा A·C होतो, म्हणजे तो आता फक्त स्टेटवर अवलंबून आहे आणि कंदीपेढा म्हणत होते तसा गोलात लिहिता येतो.

कंदीपेढा

बघा! 😀

अजिंक्यतारा

ताई, कामावर असं आठ गोलांचं चित्र कुणी काढत नाही, सिंक्रोनायझर नेहमी वेगळाच दाखवतात. पण सबमिशन आहे, तुमचं चालू द्या.

येरळाकाठ

सोळा ओळी भरायला घेतल्यात. C=0 च्या आठ ओळींत A आणि B हलतच नाहीत, फक्त C बदलतोय, त्यामुळं अर्धं टेबल भराभर झालं. 111 वर K_A = C लावून 01 कडं जातंय, पण C+ हा x वर आहे म्हणून तिथून दोन बाण निघतात, एक 010 ला आणि एक 011 ला. असंच ना?

माहुलीकर_ताई

असंच. प्रत्येक गोलावरून दोन बाण निघाले की नाही ते शेवटी मोज, सोळा भरले पाहिजेत.